वहीचं पान झेरॉक्सला देण्याआधी

भजनी मंडळाच्या जुन्या वहीची झेरॉक्स काढायला दिली की बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते. कागद पिवळा पडलेला असतो, निळी शाई फिकटलेली असते, त्यात आखलेल्या रेघा आणि मागच्या पानावरची उलटी अक्षरंही दिसत असतात. अशा पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो तसाच दुकानात पाठवला, तर प्रत काळपट येते. एका कोपऱ्यात सावलीचा डाग पडतो आणि अभंगाच्या ओळी त्या करडेपणात बुडून जातात. रंगीत प्रत काढली तर सगळं नीट दिसतं, पण मंडळातल्या तीस जणांना तीस-तीस पानं द्यायची असतील तर तो खर्च कोणालाच पेलणारा नसतो.

झेरॉक्स यंत्राकडे रंग एकच असतो, तो म्हणजे टोनरची काळी भुकटी. एखाद्या जागी ती बसते किंवा बसत नाही, फिकी काळी अशी भुकटी नसते. करडा रंग दाखवायचा तर यंत्राला बारीक ठिपके विखरून टाकावे लागतात. पिवळा कागद यंत्राला करडाच दिसतो, म्हणून अख्ख्या पानावर ठिपके पडतात आणि फिकट अक्षरंही ठिपक्यांचीच होतात. काय काळं आणि काय पांढरं हे आपणच आधी ठरवून दिलं, तर यंत्राला अंदाज बांधायची वेळच येत नाही. हे काम जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरच्या संगणकावर होतं.

सुरुवात फोटोपासून. पान खिडकीपाशी उजेडात ठेवावं, पण थेट ऊन नको आणि फ्लॅश तर अजिबात नको. पानाखाली काळा कागद सरकवला की मागच्या बाजूची अक्षरं बरीच दबतात, कारण पांढऱ्या पानावरून परतणारा उजेड तिथे उरत नाही. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ए-फोर आकाराचं पान चौकटभर घेतलं तर इंचाला साधारण 340 बिंदू मिळतात. हस्ताक्षरासाठी तेवढे पुरतात.

यानंतरची पायरी लोक सर्रास चुकवतात. फोटो सरळ ‘ग्रेस्केल’ केला की लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही थरांची सरमिसळ होते. हे तीन थर वेगवेगळे पाहायला हवेत. 0 म्हणजे काळं आणि 255 म्हणजे पांढरं, असं माप धरू. पिवळट कागद निळ्या थरात 150 च्या आसपास असतो, तर फिकी निळी शाई 165 पर्यंत जाते. म्हणजे त्या थरात शाई कागदापेक्षाही उजळ! लाल थरात मात्र तोच कागद 225 असतो आणि शाई 110. अक्षर आणि कागद यांच्यातली सगळ्यांत मोठी फट इथे आहे. Colors > Components > Extract Component मध्ये जाऊन RGB Red निवडलं, की पिवळेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि शाई ठसठशीत दिसते. लाल समासाची रेघही पुसट होते, हा वरचा फायदा.

याच गुणामुळे एक धोकाही येतो. कुणी अभंगाची चाल किंवा ध्रुवपद लाल शाईने लिहिलं असेल, तर लाल थरात तेही नाहीसं होईल. अशा पानासाठी RGB Green घ्यावा. हिरव्या थरात लाल आणि निळी दोन्ही शाया गडद राहतात. कागद थोडा काळवंडतो, पण पुढच्या पायरीत तो सुधारता येतो.

ती पायरी सावलीसाठी आहे. फोटोच्या एका कोपऱ्यात हाताची सावली पडली असेल, तर तिथे कागद 135 आणि शाई 66 एवढी खाली येते. ‘165 च्या खालचं सगळं काळं’ असा नियम सरसकट लावला तर अक्षरांसकट तो कोपराच काळा होईल. म्हणून आधी उजेड सारखा करून घ्यायचा. थराची प्रत करावी, वरच्या प्रतीला Filters > Blur > Gaussian Blur इतका जोरात द्यावा की अक्षरं पूर्ण विरघळून फक्त उजेड-सावलीचा पट उरेल, आणि मग त्या थराचा प्रकार Divide करावा. आता प्रत्येक बिंदूला त्याच्या आसपासच्या कागदाच्या उजेडाने भाग जातो. सावलीत 66 भागिले 135, उजेडात 110 भागिले 225, दोन्हींचं उत्तर जवळपास सारखंच, म्हणजे 125 च्या आसपास. कागद दोन्हीकडे 255, शुभ्र. फिकट निळ्या आखणीच्या रेघा 200 च्या जवळ राहतात.

आता Image > Flatten Image करून Colors > Threshold उघडावं आणि सीमा 165 च्या आसपास ठेवावी. शाई सीमेच्या खाली राहून काळी होते, आखणी वर राहून पुसली जाते. कडा दातेरी दिसू नयेत म्हणून ही पायरी करण्याआधी Image > Scale Image मधून पान दुप्पट मोठं करून घेतलेलं बरं.

सीमा नेमकी कुठे ठेवायची हे मी अनुस्वार पाहून ठरवते. देवनागरी हस्ताक्षरात सगळ्यांत आधी बळी पडतो तो अनुस्वार. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, 340 च्या हिशेबाने जेमतेम सहा-सात बिंदू रुंद. सीमा खाली ओढली की तो उडतो आणि ‘संत’चा ‘सत’ होतो, ‘पंथ’चा ‘पथ’. दोन्ही खरे शब्द असल्यामुळे वाचणाऱ्याला चूक लक्षातही येत नाही, तो तसंच म्हणत राहतो. सीमा फार वर नेली तर उलटं होतं. कागदावरचे डाग शिरोरेषेवर अनुस्वार होऊन बसतात. डाग घालवायला Despeckle वापरायचा मोह होतो, पण तो ठिपका आणि अनुस्वार यांत फरक करत नाही. मोठे डाग खोडरबराने हातानेच पुसावेत, आणि संशय येईल तिथे मूळ वहीशी ताडून पाहावं.

पानावर महाराजांचा किंवा मंडळाचा रंगीत फोटो असेल, तर त्याला ही पद्धत लावू नये. चेहऱ्याचे काळे-पांढरे तुकडे पडतात. फोटो वेगळा कापून करडा करावा, मधल्या छटा थोड्या उजळाव्यात, कारण झेरॉक्समध्ये त्या हमखास गडद होतात. मग Filters > Distorts > Newsprint ने वर्तमानपत्रासारखे ठिपके पाडावेत. इंचाला 600 बिंदू असतील तर आठ बिंदूंचा चौकोन घ्यावा, म्हणजे इंचाला 75 ओळी होतात आणि पासष्ट छटा दाखवता येतात. त्याहून बारीक ठिपके झेरॉक्समध्ये एकमेकांना चिकटतात.

तयार पान पीएनजीमध्ये साठवावं. जेपीईजी अक्षरांभोवती पुन्हा करडा धुरळा आणते. दुकानात छापताना आकार शंभर टक्के ठेवायला सांगावं, ‘फिट टू पेज’ केलं की ठिपके विस्कटतात आणि फोटोवर जाळी उमटते. काचेवर ठेवून प्रती काढायच्या असतील तर यंत्राचा ‘टेक्स्ट’ प्रकार निवडावा. सगळ्या प्रती पहिल्या छापील पानावरूनच काढाव्यात, झेरॉक्सची झेरॉक्स नको, कारण दर पिढीत बारीक रेषा झिजतात आणि भरीव जागा फुगतात. आधी एकच प्रत काढून तिच्यावर बोट ठेवत सगळे अनुस्वार आणि रफार वहीशी पडताळावेत, आणि मगच दुकानदाराला तीसचा आकडा सांगावा.