किती दिवस ठेवणार?

केज तालुक्यातल्या नांदूरघाटला शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीची लहानशी डाळमिल आहे. हमाल, मशीनवाले, तूर निवडणाऱ्या बाया, चौकीदार आणि हिशेब लिहिणाऱ्या ताई धरून बावीस जण कामाला आहेत. त्यांचं पगारपत्रक आणि पीएफचं काम मी बघतो. नोव्हेंबर 2025 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कामगारांची कोणती माहिती आपण घेतो, कशासाठी घेतो आणि किती दिवस ठेवतो, हे सांगणारी सूचना मराठीत लिहून द्या, असं अध्यक्षांनी मला सांगितलं.

एका सल्लागाराकडून आलेला तयार नमुना आधीच टेबलावर होता. चार पानं, आणि शेवटी एक ओळ: ‘वरील सर्व बाबींस माझी संमती आहे.’ खाली बावीस अंगठ्यांसाठी जागा. ती ओळ मी सगळ्यात आधी काढली. नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती घ्यायला या कायद्याच्या सातव्या कलमानुसार संमती लागत नाही. संमती दिली की ती परत घेता आली पाहिजे, आणि कामगाराने उद्या ती परत घेतली म्हणून त्याचा पीएफ भरणं आपल्याला थांबवता येणार नाही. संमती खरी लागते ती दुसरीकडे. कंपनीच्या कॅलेंडरवर बायांचा फोटो छापायचा असेल तर ते नोकरीचं काम नव्हे. त्याचा कागद वेगळा केला आणि त्यात ‘नाही’ म्हणायची जागा ठेवली. मुख्य सूचनेखाली आता एवढंच आहे: ‘वाचून दाखवलं, प्रत मिळाली.’ ज्या जिल्ह्यात उचल घेताना कोऱ्या स्टॅम्पवर अंगठे उठवून घेतल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात, तिथे हा फरक कामगारांना मला समजावून सांगावा लागला नाही.

माहितीची यादी करायला म्हणून मी कपाट उघडलं. नोकरीच्या जुन्या छापील अर्जात ‘जात’ असा रकाना होता. तो कशाला, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून रकाना गेला. आधारची झेरॉक्स प्रत्येक फाईलमध्ये दोन-दोन. यूएएनसाठी आधार क्रमांक लागतोच, पण तो एकदा पोर्टलवर भरून पडताळला की झेरॉक्स ठेवायचं काही कारण उरत नाही. ओळख म्हणून कागद ठेवायचाच तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार पुरतं.

जन्मतारखेपाशी मात्र मला थांबावं लागलं. बावीसपैकी नऊ जणांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. त्यातल्या तिघांच्या आधारवर वेगळीच तारीख निघाली. पीएफ काढायच्या वेळी हाच फरक दावा अडवतो, आणि पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळायची असल्यामुळे एखादं वर्ष चुकलं तरी माणसाचं नुकसान होतं. म्हणून सूचनेत ‘माहिती दुरुस्त करण्याचा हक्क’ एवढंच लिहून मी सोडलं नाही. कोणती तारीख आमच्याकडे आहे ते ताईंकडे येऊन बघा, चुकली असेल तर कोणता पुरावा आणा आणि दुरुस्ती कुणाच्या सहीने होईल, हे सगळं लिहिलं.

खरा वेळ गेला तो शेवटच्या रकान्यात: किती दिवस ठेवणार? तयार नमुन्यात सगळ्यांपुढे एकच शब्दप्रयोग होता, ‘आवश्यक तेवढा काळ’. तो वाचून कुणालाच काही कळत नाही. कॅमेऱ्यांपुढे अध्यक्षांनी ‘एक महिना’ लिहा म्हणून सांगितलं. मी रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. चार कॅमेरे, प्रत्येकाचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट. म्हणजे एका कॅमेऱ्याचं दिवसाला साधारण 21.6 जीबी, चारांचं 86 जीबी. आतली डिस्क एक टीबीची. अकरा दिवस झाले की मशीन जुन्यावर नवं लिहितं. महिना लिहिला असता आणि विसाव्या दिवशी एखाद्या हमालाने ‘माझ्या पायावर पोतं पडलं तेव्हाचं चित्रण दाखवा’ म्हटलं असतं, तर आमची सूचनाच खोटी पडली असती. म्हणून अकरा दिवस लिहिले. शिवाय अपघात किंवा तक्रार झाली तर तेवढा भाग त्याच दिवशी वेगळा काढून ठेवायचा आणि प्रकरण मिटेपर्यंत पुसायचा नाही, हे ठरवलं.

अंगठ्याच्या मशीनचं उलटं निघालं. त्यात एकतीस नावं होती, म्हणजे नऊ जण काम सोडून गेलेले. हे मशीन बोटाचं चित्र न ठेवता रेषांच्या खुणांचे आकडे ठेवतं. तरी पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. त्यातून पोती उचलून काहींच्या रेषा इतक्या झिजल्यात की मशीन त्यांना ओळखतच नाही. ते कार्ड लावतात. मग बाकीच्यांनाही कार्डाची मोकळीक द्यावी असं मी सुचवलं, आणि अध्यक्षांनी ते मान्य केलं.

गेलेल्या नऊ जणांतल्या एकाची फाईल घेऊन मी सगळा रकाना तपासला. हा हमाल मार्च 2024 मध्ये काम सोडून पुण्याला गेला. त्याच्या अंगठ्याचं काम शेवटच्या दिवशीच संपलं होतं, ती नोंद लगेच पुसली. बँक पासबुकाची प्रत शेवटचा पगार जमा होईपर्यंतच हवी होती, तीही फाडली. हजेरी आणि पगाराची नोंद ठेवावी लागते, कारण वेतन संहितेनुसार मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती नोंद मार्च 2027 च्या आत हलवायची नाही. पगार दिल्याची व्हाउचरं हिशेबात मोडतात, आणि कंपनी कायदा हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपायला सांगतो. म्हणून ती 31 मार्च 2032 पर्यंत. रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि यूएएन एवढी एक ओळ त्याच्या पेन्शनच्या वयापर्यंत ठेवायची असं आम्ही आमच्या पातळीवर ठरवलं. ती कायद्याची सक्ती नाही आणि सूचनेतही तसंच लिहिलंय.

सगळ्यात अवघड गेलं ते व्हॉट्सॲप. नवा माणूस आला की त्याच्या कागदांचे फोटो ताई सहा जणांच्या ग्रुपवर टाकायच्या. ते सहाही मोबाइलच्या गॅलरीत जाऊन बसायचे, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या शेजारी. इथे मुदत लिहून भागणार नव्हतं, कारण ती पाळायची कुणी? एका दुपारी सहाही जणांना समोर बसवून फोन साफ केले आणि कागद यापुढे समोर बघून परत द्यायचे, असं ठरलं.

सूचना दीड पानाची झाली. शनिवारी पगाराच्या आधी गोदामात ती मी मोठ्याने वाचली. एक मामा म्हणाले, “म्हंजी मी गेलो की माझा अंगठा मिलमध्ये राहत नाही?” राहत नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मग मागे बसलेली निवडणीतली एक बाई उठली. “सर, तेवढं गेटावरचं बी लिवा की. तिथं आमचे नंबर चिटकवलेत. रात्री-अपरात्री कुणीबी फोन करायलंय.”

गेटवर पाळीचा तक्ता होता, सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर असलेला. माल घेऊन येणारा प्रत्येक ट्रकवाला तो वाचत होता. कपाट, मशीन, फोन सगळं तपासलं, पण रोज ज्याच्यासमोरून आत यायचो तो कागद माझ्या यादीत नव्हता. चौकीदार दादांनी तो तेव्हाच काढून आणला. नवा तक्ता फक्त नावांचा केला, नंबर ताईंच्या वहीत गेले, आणि सूचनेत हाताने एक ओळ वाढवून मी तिची प्रत परत झेरॉक्सला दिली.