ओठ आवळून सोडलेला श्वास

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला विडीचे व्यसन नसूनही उतारवयात धाप लागते, असे आम्ही पुष्कळदा पाहतो. या रोगात हवा आत घेणे त्यामानाने सोपे. अडते ती बाहेर टाकताना.

निरोगी फुप्फुस रबरासारखे ताणलेले असते आणि तो ताणच बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतो. त्यांना कूर्चेचा आधार नसतो. धुराने हा ताण सैल झाला, की उच्छ्वासाच्या वेळी बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढून त्या मिटतात. हवा मागे कोंडते, पुढच्या श्वासाला जागा उरत नाही.

शीळ घालताना आवळतो तसे ओठ आवळले, की नलिकांतला दाब टिकून राहतो. तो सरतो पुढे, कूर्चा असलेल्या मोठ्या नलिकांत, आणि त्या सहसा मिटत नाहीत.

समजा, ही बाई मिनिटाला २४ श्वास घेते. एका श्वासाला अडीच सेकंद. त्यांत उच्छ्वासाला जेमतेम दीड. नाकाने दोन अंक मोजेतो श्वास घेऊन आवळलेल्या ओठांतून चार अंक मोजेतो सोडला आणि श्वास १५ वर आले, तर उच्छ्वासाला अडीच सेकंदांहून अधिक मिळतात.

मात्र फुंकणीने चूल फुंकावी तसे फुंकू नये. जोराने छातीतला दाब वाढून नलिका अधिकच मिटतात. गाल फुगले, पोट कडक झाले, की जोर होतो आहे असे समजावे. गेलेले फुप्फुस याने परत येत नाही. काहींना तर उलट श्रमच वाटतात, त्यांना आम्ही आग्रह करीत नाही. जिन्यावर श्वास घेताना थांबावे आणि पायरी चढावी ती उच्छ्वासाबरोबर.