नोट्स देवनागरीत, मोकळ्या जागेत

डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला विषय समजत नाही असे नसते. वर्गात ऐकलेले त्याला कळलेले असते, पण तेच कागदावर वाचताना अक्षर ओळखून त्याचा ध्वनी जुळवण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. त्यातच मजकूर दाटीवाटीने छापलेला असेल तर शेजारची अक्षरे एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात, डोळा ओळ चुकतो आणि तेच वाक्य पुन्हा वाचावे लागते. व्याख्यानाच्या नोट्स मांडताना हा दुसरा, टाळता येण्यासारखा त्रास कमी करता येतो.

मोकळ्या मांडणीचा उपयोग होतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. इटलीतील मार्को झोर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये इटालियन व फ्रेंच बोलणाऱ्या डिस्लेक्सिक मुलांना एकच मजकूर दोन प्रकारे वाचायला दिला. अक्षरांमधले अंतर वाढवलेला मजकूर वाचताना मुलांच्या चुका कमी झाल्या आणि वेगही वाढला. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही साधा फॉन्ट, 12 ते 14 पॉइंट आकार, दीडपट ओळ-अंतर आणि डावीकडे जुळवलेला मजकूर सुचवला आहे. मात्र हे सगळे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहे. मराठी नोट्ससाठी ते जसेच्या तसे उचलले, तर एका ठिकाणी उलटा परिणाम होतो.

ते ठिकाण म्हणजे अक्षरांमधले अंतर. रोमन अक्षरे सुटी उभी असतात, त्यामुळे ती थोडी लांब नेली तरी शब्द मोडत नाही. देवनागरीत शब्दाला शिरोरेषा एकत्र बांधते. संगणकावर अक्षर-अंतर वाढवले की बहुतेक वेळा ही रेषा जागोजाग तुटते, आणि शब्द कुठे संपला हेच कळेनासे होते. म्हणून मराठीत मोकळीक अक्षरांमध्ये न देता शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये द्यावी. शब्दांमधली जागा थोडी वाढवावी आणि ओळींमधले अंतर दीडपट किंवा त्याहून किंचित जास्त ठेवावे. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार लागतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

फॉन्टच्या बाबतीतही असेच आहे. जाड-बारीक रेषांची, बोरूच्या वळणाची अक्षरे दिसायला देखणी असली तरी बारीक रेषा लहान आकारात पुसट होतात. Mukta किंवा Noto Sans Devanagari यांसारख्या, साधारण एकसारख्या जाडीच्या रेषांच्या फॉन्टमध्ये ही अडचण कमी येते. निवड करण्याआधी घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या आणि ‘ख’ व ‘रव’ शेजारी-शेजारी टाइप करून पाहाव्यात. फरक पटकन डोळ्यांत भरत नसेल तर तो फॉन्ट सोडून द्यावा. डिस्लेक्सियासाठी खास बनवलेल्या रोमन फॉन्टबद्दल मोठे दावे केले जातात. पण ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये झालेल्या एका अभ्यासात, एरियलमधले अंतर ‘डिस्लेक्सी’ फॉन्टइतके केल्यावर त्या फॉन्टचा फायदा उरला नाही. म्हणजे तिथेही काम केले ते मोकळ्या जागेने.

महत्त्वाचा शब्द दाखवण्यासाठी तो ठळक करावा. तिरपी अक्षरे ओळखायला कठीण जातात. अधोरेखन तर मराठीत विशेष घातक ठरते, कारण ती रेषा उकारांवरूनच जाते.

आखूड ओळीसाठी बऱ्याच जणांची पहिली चूक अशी असते, की ते प्रत्येक ओळीच्या शेवटी Enter दाबतात. विद्यार्थ्याने अक्षर मोठे केले की अशा ओळी वेड्यावाकड्या तुटतात. त्याऐवजी समास वाढवावा. ए-4 कागदाची रुंदी 21 सेंटिमीटर असते. डावीकडे अडीच आणि उजवीकडे सहा सेंटिमीटर समास ठेवला, तर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची ओळ उरते. 14 पॉइंटमध्ये तिच्यात साधारण सात-आठ शब्द बसतात. उजवा समास विद्यार्थ्याला टिपणासाठीही वापरता येतो. मजकूर दोन्ही कडांना जुळवू नये, कारण त्यामुळे शब्दांमधली जागा प्रत्येक ओळीत वेगळी पडते. Ctrl+L दाबून तो डावीकडे जुळवावा.

यानंतर येते तुकडे पाडण्याचे काम. रक्ताभिसरणावरच्या व्याख्यानातली नेहमीची टिपणे अशी असतात:

‘शरीराकडून आलेले ऑक्सिजन कमी असलेले रक्त महाशिरांवाटे उजव्या अलिंदात येऊन तेथून उजव्या निलयात जाते व निलयाच्या आकुंचनाने फुप्फुसधमनीवाटे फुप्फुसांत पोहोचून तेथे ऑक्सिजन घेऊन फुप्फुसशिरांवाटे डाव्या अलिंदात व पुढे डाव्या निलयातून महाधमनीवाटे शरीरभर जाते.’

एकाच वाक्यात सहा-सात टप्पे आहेत. वाचणारा मध्येच अडखळला तर त्याला पुन्हा सुरुवातीपासून यावे लागते. हाच मजकूर असा मांडता येतो:

रक्त फुप्फुसांकडे जाते

1. शरीराकडून आलेले रक्त उजव्या अलिंदात येते. त्यात ऑक्सिजन कमी असतो.

2. ते उजव्या निलयात उतरते.

3. निलय आकुंचन पावते. रक्त फुप्फुसधमनीतून फुप्फुसांत जाते आणि तिथे ऑक्सिजन घेते.

रक्त शरीरभर जाते

4. फुप्फुसशिरांतून रक्त डाव्या अलिंदात येते.

5. ते डाव्या निलयात उतरते.

6. डावे निलय आकुंचन पावते. रक्त महाधमनीतून शरीरभर जाते.

मुद्द्यांची विभागणी विषयातूनच ठरली आहे. रक्ताचा प्रवास दोन फेऱ्यांत होतो, म्हणून मथळे दोन आहेत आणि क्रमांक सलग आहेत. आशयाकडे न पाहता दर दोन ओळींनी रिकामी जागा टाकली तर कारण एका तुकड्यात आणि परिणाम दुसऱ्या तुकड्यात पडतो. मग वाचणे सोपे होते, पण समजणे अवघड. तिसऱ्या मुद्द्यात आकुंचन आणि रक्ताचे पुढे जाणे एकत्र ठेवले आहे ते याच कारणाने.

मथळे केवळ ठळक करून भागत नाही. त्यांना वर्ड प्रोसेसरमधली Heading 2 ही शैली द्यावी, म्हणजे लांब नोट्समध्ये हवा तो भाग लगेच सापडतो. मजकूर युनिकोडमध्ये असणेही आवश्यक आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलचा फॉन्ट बदलला की अक्षरांची चिन्हे होतात, आणि वाचून दाखवणारी सोय ती नीट उच्चारू शकत नाही. छायाचित्र किंवा स्कॅन केलेल्या पानावर तर फॉन्ट, अंतर, रंग यांतले काहीच बदलता येत नाही. म्हणून मूळ, बदलता येईल अशी फाइल द्यावी. अनेकांना पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा मलईच्या रंगाचा कागद बरा वाटतो, पण हे प्रत्येकाच्या आवडीवर सोडावे.

मांडणी जमली की नाही, हे वाचून घेतल्यावर कळते. सारख्याच अवघड असलेल्या दोन उताऱ्यांपैकी एक जुन्या आणि एक नव्या मांडणीत विद्यार्थ्याला वाचायला द्यावा. ओळ किती वेळा चुकली, किती वाक्ये पुन्हा वाचावी लागली आणि शेवटी अर्थ किती सांगता आला, हे पाहावे. ओळ चुकत असेल तर अंतर वाढवावे किंवा ओळ आणखी आखूड करावी. ओळ नीट सापडते पण जोडाक्षरात अडखळणे कायम आहे, असे दिसले तर ते मांडणीने सुटणारे नाही. त्यासाठी वाचनाचे विशेष शिक्षण लागते, किंवा मजकूर ऐकण्याची सोय द्यावी लागते.