आधी हात, मग मन

क्षमेचे बळ मागणाऱ्या प्रार्थनेचे बोलके उदाहरण डच लेखिका कॉरी टेन बूम यांच्या आठवणींत सापडते. ज्यूंना घरात लपवल्याबद्दल 1944 मध्ये त्यांना अटक झाली. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत त्यांची बहीण बेट्सी दगावली. 1947 मध्ये म्युनिकमधील चर्चमध्ये त्या क्षमेवरच बोलल्या. भाषण संपताच त्या छावणीतला एक पहारेकरी समोर आला, क्षमा मागत त्याने हात पुढे केला. कॉरींचा हात उठेना. त्यांनी मनोमन येशूला विनवले: हात उचलण्याएवढे जमेल, माया मात्र त्याने द्यावी. मागणे एवढेच, म्हणूनच ते खरे वाटते. हस्तांदोलन झाले आणि मन निवळले. पुढे परिचितांनी दुखावल्यावर मात्र राग पुनःपुन्हा उसळला, झोप उडाली आणि त्यांना पुन्हा देवाकडेच मदत मागावी लागली.