केळीचा सौदा संपल्यावर

फैजपूर–सावदा पट्ट्यात केळीची गाडी भरून गेली की शेतकऱ्याला भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘काय भाव लागला?’ उत्तर मिळालं की सौदा चांगला झाला की वाईट, हे तिथेच ठरतं. शेजाऱ्यापेक्षा पन्नास रुपये जास्त मिळाले असतील तर माणूस हुशार, कमी मिळाले असतील तर फसला. या निकालातून पुढच्या सौद्यासाठी काही शिकता येत नाही, कारण भावाच्या आकड्यात बाजाराची चाल, मालाची प्रत आणि आपलं बोलणं या तिन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. झालेल्या सौद्याची उजळणी करायची म्हणजे या तिन्ही गोष्टी वेगळ्या करायच्या. ते कसं करायचं, हे एका सौद्यावरच दाखवतो. सौदा उदाहरणासाठी मांडलेला आहे, पण त्यातलं काहीच या भागातल्या शेतकऱ्याला अनोळखी वाटणार नाही.

समजा, फैजपूर शिवारात चार हजार खोडांचा जी-नाईनचा बाग आहे. निसवण होऊन तीन महिने उलटलेत, घड कापणीला आलेत. रावेर बाजार समितीने जाहीर केलेला भाव, म्हणजे लोक ज्याला बोर्ड म्हणतात तो, त्या दिवशी क्विंटलला १४०० रुपये आहे. व्यापारी बाग पाहून १२०० म्हणतो, शेतकरी १४५० मागतो. व्यापारी १२६० वर येतो, शेतकरी १४०० वर. मग १३०० आणि १३८०. इथे शेतकरी सहज बोलून जातो, ‘भाऊ, पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे, त्याच्या आत रान मोकळं करून द्या.’ त्यानंतर व्यापारी फक्त १३१० म्हणतो, शेतकरी १३३० वर उतरतो आणि सौदा १३२० ला तुटतो. आठ दिवसांत कापणी, पंधरा दिवसांत पैसे, असं तोंडी ठरतं.

पहिल्या दोन कापण्या वेळेवर होतात, ५२० क्विंटल माल जातो. मग बोर्ड घसरून ११८० वर येतं आणि टोळी यायची बंद होते. दोन दिवस व्यापारी फोन उचलत नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम निरोप आणतो की उरलेला माल १२२० नं घेऊ. शेतकरी चरफडत होकार देतो, कारण घड झाडावर पिकायला लागले तर दूरच्या बाजाराला चालत नाहीत. उरलेले २०० क्विंटल त्या भावाने जातात. एकूण ९,३०,४०० रुपये होतात, सरासरी साधारण १२९२. पैसे पंधराऐवजी पस्तीस दिवसांनी मिळतात. शेजाऱ्याने आपला बाग भाव पडल्यावर १०९० ने दिलेला असतो. गाव म्हणतं, ‘याने बरोबर वेळ साधली.’ शेतकऱ्याच्या मनात मात्र एकच गोष्ट राहते: शेवटच्या मालात शंभर रुपये कापले.

उजळणीची पहिली पायरी लिखाणाची आहे आणि ती सौदा ठरला त्याच रात्री करायची, पैसे आल्यावर नाही. कारण निकाल कळला की आठवण बदलते. बारूक फिशॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून आधी अंदाज लिहून घेतले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधल्या चीन आणि रशिया दौऱ्यांत काय घडेल, याचे ते अंदाज होते. नंतर त्याच लोकांना स्वतःचे जुने अंदाज आठवायला सांगितले. ज्या गोष्टी घडल्या होत्या, त्यांची शक्यता आपण मुळातच जास्त धरली होती, असं लोकांना वाटू लागलं होतं. केळीतही तेच होतं. भाव पडल्यावर प्रत्येकाला आठवतं की ‘मला वाटतच होतं.’ म्हणून त्या रात्री चार ओळी पुरे: त्या दिवसाचं बोर्ड, बागेत अजून किती दिवस थांबता येईल याचा अंदाज, दुसरा कोण गिऱ्हाईक होता आणि त्याचा भाव, आणि कोण कोणत्या आकड्यावरून कुठे सरकलं.

दुसरी पायरी म्हणजे बाजाराची चाल बाजूला काढणं. त्यासाठी मिळालेल्या रुपयांकडे न बघता त्या त्या दिवसाच्या बोर्डापासूनचं अंतर बघायचं. आपल्या उदाहरणात सौदा ठरला तेव्हा भाव बोर्डाखाली ८० रुपये होता. त्या आठवड्यात तशाच मालाला इतरांना बोर्डाखाली ६० ते १०० मिळत असतील, तर हा सौदा मधल्या पट्टीतला झाला. शेजाऱ्याचे १०९० हे ११८० च्या बोर्डाखाली ९० रुपये, म्हणजे बोलणीत तोही जवळपास तेवढाच ठरला. दोघांतला दोनशेचा फरक बाजाराने केला, कोणाच्या जिभेने नाही. आणि ज्या शेवटच्या २०० क्विंटलांचा राग मनात आहे, त्यांना मिळालेले १२२० त्या दिवसाच्या बोर्डापेक्षा ४० रुपये वरच होते. ठरलेला शब्द मोडला हे खरं, त्यात वीस हजार रुपये गेले हेही खरं. पण व्यापाऱ्याने पडत्या बाजाराचा पूर्ण भार शेतकऱ्यावर टाकला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

मग बोलणीकडे वळायचं. वर लिहिलेले आकडे पुन्हा वाचले की एक जागा लख्ख दिसते. व्यापारी आधी ६० ने वर आला, मग ४० ने. लग्नाचा उल्लेख झाल्यावर तो सगळा मिळून २० रुपयेच सरकला आणि शेतकरी ६० ने खाली आला. घाई कोणाला आहे हे समोरच्याला कळलं आणि तो थांबला. उजळणीत शोधायची ती अशी जागा, जिथे सरकण्याचा वेग बदलला. तिच्या लगेच आधी काय बोललं गेलं ते आठवायचं. लग्न सांगणं चूकच होतं, असं मी म्हणणार नाही. कापणी लवकर हवी असेल तर ते कधीतरी सांगावंच लागतं. पण ते भाव ठरण्याआधी सांगितलं की ठरल्यावर, यात फरक आहे. दुसरी गोष्ट न घडलेली आहे, म्हणून ती सहज निसटते: दुसऱ्या व्यापाऱ्याला बाग दाखवलाच नव्हता. दुसरा भाव हातात नसताना १३२० ला हो म्हणणं योग्य होतं की नाही, हे शेतकऱ्याला त्या दिवशी कळण्याचा मार्गच नव्हता.

इथे एक कसोटी फार उपयोगी पडते. निकाल उलटा करून पाहायचा. सौद्यानंतर बोर्ड घसरण्याऐवजी १६०० वर गेलं असतं, तर याच निर्णयाला आपण काय म्हटलं असतं? ‘घाई केली, एकालाच विचारून बाग देऊन टाकला’ असंच. निर्णय तोच, त्या दिवशीची माहिती तीच, आणि तरी शेरा बदलतो. शेरा बदलत असेल तर आपण निर्णय तपासत नसून नशीब तपासतो आहोत. वेळ साधली हे गावाचं म्हणणं या कसोटीवर टिकत नाही, कारण वेळ भावाचा विचार करून निवडलेली नव्हती. ती लग्नाने ठरवली होती.

आता संबंधांचा भाग. तो हिशोबात धरायचा की मनाच्या समाधानाचा मानायचा, असा प्रश्न पडतो. एमआयटीचे जेरेड कर्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली वाटाघाटीत लोक कशाला किंमत देतात हे तपासून त्याचे चार भाग केले: हाती आलेला निकाल, स्वतःबद्दलची भावना, बोलणी ज्या रीतीने झाली ती, आणि समोरच्याशी असलेलं नातं. २००९ च्या अभ्यासात त्यांनी नोकरीच्या पगाराची बोलणी केलेल्यांना वर्षभराने गाठलं. नोकरीतलं समाधान ठरलेल्या पगारापेक्षा बोलणीच्या वेळी वाटलेल्या समाधानाशी जास्त जुळत होतं. नोकरीसारखंच केळीतही सही झाल्यावर संबंध संपत नाही. कापणी, वजन, पैसे, पुढचा पिलबाग, सगळं त्याच माणसाशी.

म्हणून या भागात ‘माणूस चांगला की वाईट’ असं लिहायचं नाही, वागणूक घटनांनी लिहायची. फोन दोन दिवस बंद. निरोप मुकादमाकरवी, स्वतः आला नाही. वजनाच्या पावत्या प्रत्येक गाडीच्या दिल्या. वजनात न सांगितलेली घट धरली नाही. पैसे वीस दिवस उशिरा, पण पूर्ण. अशी यादी समोर आली की रागाचं खरं कारण दिसतं: शंभर रुपयांपेक्षा ते दोन दिवस जास्त लागले. घड पिकत असताना उत्तर न मिळणं हे त्या सौद्यातलं सर्वांत वाईट वागणं होतं.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात, ती म्हणजे समोरच्यालाच विचारणं. मात्र पैसे पूर्ण चुकते झाल्यावरच, आणि पुढच्या बागेची बोलणी सुरू होण्याआधी. प्रश्न तक्रारीचा नसावा: ‘आमच्याकडे माल उचलताना तुम्हाला काय अडचण आली?’ अशा वेळी व्यापारी सांगू शकतो की एकाच कापणीत घड लहान-मोठे निघाले, गाडी भरायला दीड दिवस लागला, बांधावर पाणी सोडल्यामुळे वाहन आत येईना. यातलं काही खरं असेल, काही पुढच्या सौद्यात भाव पाडायची तयारीही असेल. पडताळा सोपा आहे. कापणीच्या तारखा, पाण्याच्या पाळ्या आणि पावत्यांवरचं वजन आपल्याकडेच असतं.

या सगळ्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. आठवड्यात बोर्ड दोनशे रुपये हलतं आणि आपल्या बोलण्याने फरक पडतो वीस-चाळीसचा. एका सौद्यातून ‘आपण बोलणीत कच्चे’ असा निष्कर्ष काढू नये. बोर्डापासूनचं अंतर तीन-चार बागांचं लिहिलेलं असेल, तेव्हाच त्यातली सवय दिसते. अटींचं मात्र तसं नाही. अट सुटली हे एकाच सौद्यात कळतं.

या सौद्याबद्दल माझा निकाल असा: भाव सर्वसाधारण, तोही एकालाच विचारून, वेळ नशिबाची, व्यापारी पुन्हा दारात उभा करण्याजोगा, पण तोंडी शब्दावर नाही. पुढच्या बागेला दुसरा गिऱ्हाईक आधी बोलवावा आणि आकड्यावर येण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: कापणीची शेवटची तारीख, बोर्ड शंभरापेक्षा जास्त हललं तर भाव कसा बदलायचा, आणि पैसे कोणत्या दिवशी.