निळ्या रेघा गाळायच्या, आकृती राखायची

अभियांत्रिकी पदविकेच्या एखाद्या विद्यार्थ्याने ओढ्याचा आडवा छेद ग्राफ पेपरवर पेन्सिलीने नेटका काढलेला असतो. अहवालात तो डकवताना मात्र चौकटीही सोबत येतात आणि ओढ्याचा तळ त्या जाळ्यात हरवतो. मग बहुतेक जण स्कॅन कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवतात. रेघा जातात खऱ्या, पण निम्मी पेन्सिलही जाते.

कारण आकड्यांत दिसते. स्कॅन केलेल्या चित्रातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो. 0 म्हणजे काळोख, 255 म्हणजे पूर्ण उजेड. समजा, सेंटिमीटरची जाड निळी रेघ 90, 150, 215 अशी आली आणि पेन्सिलीची रेघ तिन्हींत 110. कृष्णधवल करताना निळ्याला जेमतेम 11 टक्के वजन मिळते, म्हणून जाड रेघ 140 च्या आसपास उतरते. पेन्सिलीपासून फक्त तीस घरे दूर! नुसता निळा चॅनल पाहिला, तर तेच अंतर 105 होते. निळी रेघ निळ्या उजेडात कागदासारखीच उजळ दिसते. छपाईच्या फिल्मलाही फिका निळा दिसत नसे, म्हणून चित्रकार त्या रंगात कच्चे रेखाटन करत आणि ते खोडत बसत नसत.

तेव्हा स्कॅन रंगीतच हवा, 300 डीपीआयवर. गिम्पमध्ये `Colors > Components > Decompose` मधून RGB निवडून निळा थर घ्यावा आणि `Levels` मध्ये पांढऱ्याची खूण 200 वर, काळ्याची 80 वर आणावी. पांढऱ्याची खूण ठरवताना बारीक रेघांकडे नव्हे, सर्वांत जाड रेघेकडे पाहायचे. इमेजमॅजिक वापरणाऱ्यांना हेच एका ओळीत जमते:

```
magick scan.png -channel B -separate -level 31%,78% out.png
```

फाइल जेपेगमध्ये असेल तर घोटाळा होतो. जेपेग रंगाची माहिती बहुधा भरड करून साठवते, त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये रेघांच्या जागी धुरकट पट्टे उरतात. चित्र मोठे करून पाहिले की ते लगेच कळतात. पीएनजी किंवा टिफमध्ये पुन्हा स्कॅन करणे हाच सरळ उपाय. 2एच पेन्सिलीच्या फिक्या रेघा यातही तुटतात; त्या स्कॅनआधी काळ्या शाईने गिरवाव्यात. निळ्या बॉलपेनने काढलेली आकृती या युक्तीने फिकी पडते. तिथे लाल चॅनल घेऊन बघावे, पण गडद पेन आणि जाड रेघ यांतले अंतर तिथे फारच थोडे असते. ग्राफ पेपर हिरवा असेल तर हिरवा चॅनल आणि नारिंगी असेल तर लाल.

चौकटींबरोबर मापही जाते, हे मात्र बरेचदा छापून आल्यावर लक्षात येते. म्हणून स्कॅनपूर्वीच आकृतीखाली काळ्या शाईने मोजपट्टी काढावी आणि तिच्यावर मीटरचे आकडे घालावेत.