एका चित्राचा आवाज किती मोठा?

अमेरिकेतली एन्रॉन ही ऊर्जा कंपनी बुडाल्यावर तिच्या कर्मचाऱ्यांच्या लाखो ई-मेल सरकारी चौकशीतून जगासमोर आल्या. पुढे निकोलस कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ई-मेलवर एक भाषा-मॉडेल शिकवले. काम साधेच होते: आधीची अक्षरे पाहून पुढचे अक्षर सांगायचे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात नोंद आहे की, या मॉडेलला पद्धतशीर डिवचत गेल्यावर त्यातून कोणाचा तरी क्रेडिट कार्डाचा, तर कोणाचा सोशल सिक्युरिटीचा खरा क्रमांक बाहेर पडला. मॉडेलला कोणी हे क्रमांक पाठ करायला सांगितले नव्हते. भाषा शिकता शिकता ते त्याच्या पाठ झाले.

नावे खोडली, क्रमांक पुसले, तरी हा धोका टळत नाही. पुसायचे काय काय, हे आधी पूर्ण ठाऊक असावे लागते आणि ते कधीच नसते. म्हणून संगणकशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला: माहितीला हात न लावता, मॉडेल ज्या रीतीने शिकते त्या रीतीतच असा बदल करता येईल का, की कोणत्याही एका नोंदीची खूण त्यात उरूच नये? याचे आज सर्वाधिक वापरले जाणारे उत्तर गूगलमधल्या मार्टिन अबादी, इयन गुडफेलो, कुणाल तलवार आदी सात जणांनी २०१६ साली मांडले. त्याचे नाव डीपी-एसजीडी. त्यांचाच प्रयोग जवळून पाहिला तर गोष्ट नीट उलगडते.

प्रयोगासाठी त्यांनी एम्निस्ट नावाचा जुना संग्रह घेतला. अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी हाताने लिहिलेल्या अंकांची ही चित्रे: ६०,००० शिकवण्यासाठी, १०,००० परीक्षेसाठी. चित्र पाहून अंक ओळखणारे त्यांचे जाळे लहानसे होते. त्यात सुमारे ७०,००० आकडे होते, ज्यांना ‘वेट’ म्हणतात. शिकणे म्हणजे हे आकडे थोडे थोडे हलवत नेणे.

नेहमीच्या पद्धतीत हे असे चालते. काही चित्रे उचलायची आणि प्रत्येकाला जणू विचारायचे: तुला ओळखताना चूक कमी व्हावी म्हणून कोणता वेट किती हलवू? उत्तर म्हणून प्रत्येक चित्र ७०,००० आकड्यांची एक यादी देते. या यादीला ग्रेडियंट म्हणतात. सगळ्या याद्यांची सरासरी काढायची, तिच्या दिशेने एक छोटे पाऊल टाकायचे आणि नवी चित्रे उचलायची.

गोम या सरासरीत आहे. व्यवस्थित काढलेला ‘एक’ मॉडेलला आधीच ओळखता येतो, त्यामुळे त्याचा ग्रेडियंट अगदी लहान असतो. पण मध्ये आडवी रेघ मारलेला, कलंडलेला, अर्धवट पुसलेला एखादा ‘सात’ मॉडेलला चक्रावून टाकतो. तो इतका मोठ्याने ओरडतो की, सरासरी त्याच्याकडे झुकते. हेच ओरडणे मॉडेलच्या आकड्यांत खूण ठेवून जाते, आणि एन्रॉनच्या ई-मेलमधला कार्डाचा क्रमांक असाच टिकून राहतो.

डीपी-एसजीडी इथे दोन गोष्टी करते. पहिली छाटणी. प्रत्येक चित्राच्या ग्रेडियंटची लांबी मोजायची आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर अख्खी यादी त्या प्रमाणात आखडायची. या प्रयोगात मर्यादा ४ होती. एखाद्या विचित्र ‘सात’ची लांबी २० भरली, तर त्याच्या प्रत्येक आकड्याला ०.२ ने गुणायचे. दिशा तीच राहते, जोर घटतो. ज्याची लांबी ३ आहे, त्याला हात लावायचा नाही. आता कोणतेही चित्र एकूण बेरजेला ४ पेक्षा जास्त हलवू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गोंगाट, या क्षेत्रातल्या लोकांचा ‘नॉइज’. छाटलेल्या याद्यांची बेरीज झाली की, तिच्यातल्या प्रत्येक आकड्यात एक यादृच्छिक आकडा मिसळायचा. मधल्या पातळीच्या नॉइजच्या प्रयोगात या आकड्यांचे प्रमाण विचलन छाटणीच्या मर्यादेच्या चौपट होते, म्हणजे १६. एकट्या चित्राचा आवाज फार तर ४. तो या गोंगाटात ऐकू येत नाही.

पण हिशेब पुढे नेला तर पोटात गोळा यावा असा आकडा निघतो. एका पावलात सुमारे ६०० चित्रे. सगळी एका सुरात बोलली, तरी बेरजेची लांबी २,४०० च्या वर जाणार नाही. उलट ७०,००० जागी १६ चा नॉइज घातला, तर त्याची एकूण लांबी सुमारे ४,२०० भरते. म्हणजे माहितीपेक्षा गोंगाट मोठा! तरीही मॉडेल शिकते, कारण नॉइज प्रत्येक पावलाला वेगळ्याच दिशेला जातो आणि चित्रांचे म्हणणे बरेचसे एकाच दिशेचे असते. १०,००० पावले एकाच दिशेने पडली तर अंतर १०,००० पट होते, पण यादृच्छिक पावले एकमेकांना खोडत साधारण १०० पटच साचतात. ६०० चित्रांमध्ये जे सामाईक आहे ते टिकते. जे एकाच चित्राचे आहे ते बुडते.

मग किती बुडाले हे मोजायचे कसे? त्यासाठी एप्सिलॉन नावाचे माप आहे. समजा, हल्लेखोराला मॉडेल पूर्ण दिसते आहे आणि एक विशिष्ट चित्र शिकवणीत होते की नव्हते, याबद्दल तो आधी ५०-५० आहे. एप्सिलॉन ०.५ असेल, तर मॉडेल कितीही तपासले तरी त्याची खात्री सुमारे ६२ टक्क्यांपलीकडे जात नाही. २ असेल, तर मर्यादा ८८ टक्के. ८ असेल, तर ९९.९ टक्क्यांच्याही वर. कागदावर ही जवळजवळ हमीच नव्हे. (या हमीला डेल्टा नावाची एक बारीक सूटही असते. या प्रयोगात ती लाखात एक होती.)

या संरक्षणाची किंमत चुकांमध्ये मोजावी लागते. गोपनीयतेशिवाय हेच जाळे १०,००० पैकी सुमारे १७० चित्रे चुकत होते. एप्सिलॉन ८ ला चुका सुमारे ३०० झाल्या, २ ला ५००, आणि ०.५ ला तब्बल १,०००. नॉइज वाढवला की हल्लेखोर आंधळा होतो, पण मॉडेलही थोडे आंधळे होते.

२०१६ च्या निबंधाचे खरे कसब मात्र हिशेबनिसाचे आहे. प्रत्येक पाऊल गोपनीयतेची थोडी पुंजी खर्च करते आणि पावले असतात हजारो. जुन्या रीतीने बेरीज मांडली, तर १०,००० पावलांनंतर एप्सिलॉन ९.३४ येत होता. अबादी आणि सहकाऱ्यांनी नॉइजचा स्वभाव लक्षात घेऊन जास्त काटेकोर हिशेब केला, तर तोच खर्च १.२६ निघाला. तीच शिकवणी, तोच गोंगाट. आधी खर्च उगाच जास्त धरला जात होता, इतकेच.

या हिशेबाचा पाया एका गृहीतावर आहे: प्रत्येक पावलाला प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे, शंभरात एक अशा शक्यतेने निवडले जाते. प्रत्यक्षात अनेक जण पत्त्यांसारखी चित्रे पिसतात आणि क्रमाने वाटून घेतात, कारण ते सोपे पडते, पण हिशेब मात्र स्वतंत्र निवडीचाच छापतात. या दोन रीतींतला फरक मोठा असू शकतो, असे २०२४ मधल्या संशोधनाने दाखवले. म्हणजे छापलेल्या एप्सिलॉनपेक्षा खरे संरक्षण बरेच कमी असू शकते.

याहून साधी चूक छाटणीत होते. पायटॉर्चमध्ये `clip_grad_norm_` ही आज्ञा हाताशी असते, पण ती सगळ्या चित्रांची सरासरी काढून झाल्यावर ती सरासरी छाटते. तोवर विचित्र ‘सात’ने आपले काम साधलेले असते. छाटणी चित्रागणिकच हवी, आणि त्यासाठी ६०० वेगवेगळ्या याद्या मेमरीत धराव्या लागतात. ही पद्धत जड आणि संथ असते, ती त्यामुळेच. चूक झाली तरी कार्यक्रम बिनतक्रार चालतो, अचूकता उलट छानच दिसते. ती पकडायची तर मुद्दाम एक विचित्र नोंद घालून आणि न घालून पुष्कळ मॉडेले शिकवायची, आणि दोन्ही प्रकार ओळखता येतात का ते पाहायचे. हमीपेक्षा जास्त वेळा ओळखता आले, तर हमी खोटी.

अचूकतेची झळही सगळ्यांना सारखी बसत नाही. छाटणी जास्त चालते ती मोठ्याने ओरडणाऱ्यांवर आणि ओरडतात ते संग्रहात विरळ असलेले. युजीन बगदासर्यान, ओमिद पूरसईद आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २०१९ साली चेहऱ्यांवर प्रयोग केला. डीपी-एसजीडी लावल्यावर गडद वर्णाच्या चेहऱ्यांवरची अचूकता गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त घसरली. ‘सरासरी अचूकता ३ टक्क्यांनी कमी’ असे कोणी सांगितले, तर ते ३ टक्के कोणाच्या वाट्याला आले, हे विचारलेच पाहिजे.

गेल्या काही वर्षांत हा सौदा बराच सुधारला आहे. रंगीत चित्रांच्या सिफार-१० या संग्रहावर २०१६ मध्ये एप्सिलॉन ८ ला ७३ टक्के अचूकता मिळाली होती. २०२२ मध्ये डीपमाइंडच्या गटाने त्याच एप्सिलॉनला ८१.४ टक्के गाठले. त्यांच्या युक्त्यांपैकी एक अगदी सरळ होती: एका पावलाला हजारो चित्रे घ्यायची. बेरजेत मिसळायचा नॉइज एका चित्राच्या आवाजावरून ठरतो. चित्रे वाढली तरी तो त्या प्रमाणात वाढत नाही, आणि सामाईक सूर मात्र वाढतो. २०२५ मध्ये गूगलने याच वाटेने १ अब्ज वेटचे व्हॉल्टजेमा हे भाषा-मॉडेल शिकवले. एप्सिलॉन फार तर २. त्याची कामगिरी साधारण पाच वर्षांपूर्वीच्या, गोपनीयतेशिवाय शिकवलेल्या मॉडेलांइतकी भरली.

मात्र ही हमी कोणाला आहे, हे बारीक अक्षरांत वाचावे लागते. व्हॉल्टजेमात ती १,०२४ टोकनांच्या एका तुकड्याला आहे, माणसाला नाही. एखाद्याचा पत्ता शेकडो तुकड्यांत विखुरलेला असेल, तर तेवढे तुकडे मिळून पुन्हा मोठा आवाज करतात. एम्निस्टमध्येही हेच. ती ६०,००० चित्रे सुमारे २५० जणांच्या हातची आहेत, म्हणजे माणशी सरासरी २४० अंक. एका चित्रासाठी एप्सिलॉन २ असेल, तर त्याच्या सगळ्या चित्रांसाठी तो २४० पट, म्हणजे ४८० होतो, आणि ४८० ची हमी म्हणजे कोरा कागद. त्या माणसाला जपायचे, तर छाटणी चित्रागणिक न करता त्याच्या सगळ्या चित्रांचा मिळून एक ग्रेडियंट धरून करावी लागते. मग ६०,००० आवाजांच्या जागी उरतात २५०, आणि तोच गोंगाट त्यांच्यावर फार भारी पडतो.